खोकी उशिरा आली, पण कुणामुळे? पुरवठादाराला अभिप्राय कसा द्यावा आणि दर तीन महिन्यांनी एकत्र का बसावं

जून उजाडला, बागेतला शेवटचा आंबा उतरवून झाला, पडवीत वह्या निघाल्या, की देवगड-राजापूर पट्ट्यातल्या बहुतेक पॅकहाऊसमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यंदा खोकेवाल्यान आमची पार वाट लावल्यान." खोकेवाला म्हणजे पुठ्ठ्याची छापील खोकी पुरवणारा कारखानदार. तो बहुधा घाटावर असतो, कोल्हापूर-सांगलीकडे. त्याच्याकडे चौकशी केली तर तो म्हणतो, "बारा हजार मागितली होती, बारा हजार पोचवली. मग तक्रार कसली?"

दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. दोघांकडेही आठवण असते, नोंद नसते, म्हणून भांडण मिटत नाही. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा त्याच माणसाला फोन जातो आणि एप्रिलमध्ये पुन्हा तोच गोंधळ होतो.

मोठ्या कंपन्यांमध्ये यासाठी ठरलेली पद्धत असते: पुरवठादाराला त्याच्या वेळेबद्दल आणि मालाच्या दर्जाबद्दल लेखी अभिप्राय द्यायचा आणि दर तिमाहीला आढावा बैठक घ्यायची. ऐकायला हे सुटाबुटातलं काम वाटतं. पण वर्षाला दहा-बारा हजार खोकी घेणाऱ्या आंबेवाल्यालाही ते एका पानात जमतं. कसं, ते हापूसच्या खोक्यांचं एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत बघू. उदाहरणातलं पॅकहाऊस आणि आकडे कल्पित आहेत, पण घोळ सगळे नेहमीचे आहेत.

आधी "वेळेवर" म्हणजे काय ते ठरवा

वेळेचा हिशेब सरासरीने केला की तो फसवा होतो. एसटी एक दिवस दहा मिनिटं आधी सुटली आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं उशिरा, तर सरासरीने ती अगदी वेळेवर धावते. स्टँडवर उभ्या माणसाला मात्र ती दोन्ही दिवशी मिळालेली नसते. खोक्यांचंही तसंच आहे. पाच मार्चला हवी असलेली खोकी वीस फेब्रुवारीला येऊन पडली तर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न उभा राहतो. पंधरा मार्चला आली तर आंबा अढीत पिकून जातो.

म्हणून व्यवहारात एकच साधं माप वापरतात. प्रत्येक गाडीला दोन प्रश्न विचारायचे: ठरलेल्या तारखेला किंवा तिच्या एक-दोन दिवस आधी आली का, आणि मागितलेली सगळी खोकी आली का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच ती गाडी "वेळेवर-पूर्ण" धरायची. पंधराशेपैकी अकराशे वेळेवर आली आणि चारशे चार दिवसांनी आली, तर ती गाडी नापास. अर्धे गुण नाहीत. हे कडक वाटेल, पण पॅकिंगला बसलेल्या बायकांना चारशे खोकी कमी पडली की त्या दिवसाचं काम अर्ध्यावरच थांबतं.

यात "ठरलेली तारीख" कोणती, हाच खरा कळीचा मुद्दा. फोनवर आपण "लवकर पाठवा हां" म्हणतो आणि समोरून "टाकतो की" येतं, तेव्हा कुठलीच तारीख ठरलेली नसते. मग उशीर तरी कशाचा मोजणार? ऑर्डर देताना तारीख लिहून कळवायची आणि त्याच्याकडून "होय, या तारखेला" असा उलट निरोप घ्यायचा. तो निरोप नसेल तर पुढचा सगळा हिशेब हवेत.

आठ गाड्यांचा हिशेब

आता आपलं पॅकहाऊस बघू. हंगामात एक डझनाची बारा हजार खोकी, पंधराशेच्या आठ गाड्यांत. ऑर्डर दिल्यापासून दहा दिवसांत माल, असं बोलणं झालेलं.

| गाडी | ठरलेली तारीख | प्रत्यक्ष आली | शेरा |
|---|---|---|---|
| १ | ५ मार्च | ४ मार्च | पूर्ण |
| २ | १५ मार्च | १५ मार्च | पूर्ण |
| ३ | २४ मार्च | २७ मार्च | पूर्ण |
| ४ | २ एप्रिल | २ एप्रिल | ११०० आली. ४०० नंतर, ६ एप्रिलला |
| ५ | १० एप्रिल | १५ एप्रिल | पूर्ण |
| ६ | १८ एप्रिल | २२ एप्रिल | पूर्ण |
| ७ | २८ एप्रिल | २८ एप्रिल | पूर्ण |
| ८ | ८ मे | ७ मे | पूर्ण |

पहिल्या नजरेत आठपैकी चारच गाड्या वेळेवर-पूर्ण: पहिली, दुसरी, सातवी, आठवी. म्हणजे पन्नास टक्के. इथेच थांबून कडक पत्र लिहायला हात शिवशिवतात. थांबा. चुकलेल्या चार गाड्यांचे कागद आधी बाहेर काढा.

तिसऱ्या गाडीच्या वेळी खोक्यावरचा मजकूर बदलला होता. छपाईचा नमुना १४ मार्चला मंजूर करून पाठवायचा होता, तो आपण १८ मार्चला पाठवला. मंजुरीशिवाय तो छापणार कसा? आपले चार दिवस धरले तर त्याची तारीख २८ मार्च होते, आणि माल तर २७ लाच आला. ही गाडी पास.

सहाव्या गाडीची ऑर्डर आपण १२ एप्रिलला दिली आणि १८ तारीख मागितली. हातात सहाच दिवस, बोलणं दहा दिवसांचं. तोही घाईत "बघतो" म्हणाला आणि आपण ते "होय" समजलो. बोलल्याप्रमाणे २२ एप्रिलला माल आला. हीही पास.

उरल्या चौथी आणि पाचवी. चौथ्या वेळी त्याच्याकडे कागदाचे रोल कमी पडले. पाचव्या वेळी माल तयार होता, पण आपली खोकी आणि कणकवलीच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल एकाच ट्रकमध्ये टाकून भाडं वाचवायचं म्हणून ट्रक थांबवला गेला. या दोन्हींचा दोष त्याचा.

म्हणजे खरा आकडा आठपैकी सहा. "दरवेळी उशीर" ही आठवण आणि "दोनदा उशीर" ही नोंद, यांत केवढं अंतर! दुसऱ्या बाजूने, पुरवठादाराचं "बारा हजार पोचवली" हेही पुरेसं नाही, कारण त्याच्या दोन्ही चुका एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, ऐन हंगामात पडल्या. पाचव्या गाडीची वाट बघताना जवळच्या व्यापाऱ्याकडून ९०० कोरी खोकी खोक्यामागे ९ रुपये जास्त देऊन उचलावी लागली. ८१०० रुपये तिथेच गेले, आणि ब्रँडचं नाव नसलेल्या खोक्यातून आंबा गेला तो वेगळाच.

अभिप्रायात हा आकडा आणि ही दोन कारणं जायला हवीत. "तुमची सेवा समाधानकारक नाही" या वाक्यावर समोरच्याला करता येण्यासारखं काहीच नसतं. "ट्रक दुसऱ्या मालासाठी थांबवू नका, हवं तर एप्रिलपुरतं जास्तीचं भाडं वाटून घेऊ" यावर तो त्याच दिवशी हो किंवा नाही म्हणू शकतो.

दर्जा कसा मोजायचा? आपल्याकडे काही प्रयोगशाळा नाही

हा आक्षेप बरोबर आहे. पुठ्ठ्याची ताकद मोजायची यंत्रं असतात. कागद किती दाबाला फाटतो, भरलेलं खोकं किती वजन पेलतं, हे ती सांगतात. पॅकहाऊसमध्ये ती नसतात आणि लागतही नाहीत. वजनकाटा आणि आर्द्रतामापक पुरतो. आर्द्रतामापक म्हणजे दोन बारीक सुया पुठ्ठ्यात टोचून त्यातला ओलावा टक्क्यांत दाखवणारं हातातलं यंत्र.

वजन का? पुठ्ठा कागदापासून होतो आणि कागद किलोवर विकला जातो. पाच प्लायच्या खोक्यात तीन सपाट कागद आणि त्यांच्या मध्ये दोन नागमोडी कागद असतात. कागदाचा भाव चढला की काही कारखानदार एखादा थर हलका वापरतात. खोकं दिसायला तसंच असतं, छपाईही तीच असते, पण वजन कमी भरतं. म्हणून हंगामाआधी मंजूर केलेल्या नमुन्याची दहा खोकी वजन करून सही-तारखेनिशी बाजूला ठेवायची. गाडी आली की वेगवेगळ्या बंडलांतून दहा खोकी काढायची, तीही वरच्याच बंडलातून नव्हे तर गाडीच्या मधल्या भागातूनही, आणि वजन करायचं. आपल्या उदाहरणात मंजूर दहा खोक्यांचं वजन ४ किलो होतं. पाचव्या गाडीतली दहा खोकी भरली ३ किलो ७०० ग्रॅम. साडेसात टक्के कमी. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल असं ठरलेलं असेल, तर ही तक्रार पक्की.

पण इथे एक फसगत आहे, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी ती नीट समजून घ्यावी. पुठ्ठा हवेतलं पाणी ओढतो. ओला कागद जड होतो. त्यामुळे हलक्या कागदाचं खोकं दमट झालं की काट्यावर बरोबर वजन दाखवतं आणि सुटून जातं. म्हणून वजन आणि ओलावा एकदमच, गाडी रिकामी होतानाच मोजायचा. कारखान्यातून निघालेल्या चांगल्या पुठ्ठ्यात साधारण सात ते नऊ टक्के ओलावा असतो. गेटवरच बारा टक्के दिसला तर माल एक तर भिजलाय किंवा नीट सुकलेला नाही.

ओलावा एवढा महत्त्वाचा का? कोरड्या हवेत खोकं जेवढं वजन पेलतं, त्याच्या साधारण निम्मंच ते नव्वद टक्के आर्द्रतेच्या हवेत पेलतं. मेच्या शेवटी देवगडची हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. टेम्पोत आठ-आठ खोक्यांची थप्पी लागते. खालचं खोकं दबून त्याच्या बाजू फुगल्या की सगळा भार पुठ्ठ्यावरून थेट आंब्यावर येतो. गिऱ्हाईक फोटो पाठवतं तेव्हा त्यात आंबा काळवंडलेला दिसतो; कारण मात्र खालच्या खोक्यात असतं.

आता आठवी गाडी बघा. ७ मेला आली तेव्हा ओलावा नऊ टक्के होता, वजनही बरोबर. २२ मेला तीच खोकी वापरायला काढली तर मऊ लागली, आणि मापकाने चौदा दाखवले. मधले पंधरा दिवस ती आपल्याच गोदामात, ओल्या जमिनीवर, भिंतीला टेकून पडली होती. या तक्रारीचा कागद पुरवठादाराकडे जाता कामा नये. तो गेला तर पाचव्या गाडीची खरी तक्रारही तो त्याच टोपलीत टाकेल. खोकी लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, भिंतीपासून हातभर लांब आणि प्लॅस्टिकमध्ये झाकून ठेवणं, हे काम आपलंच.

डोळ्यांनी बघायच्या गोष्टीही आहेत. थर एकमेकांपासून सुटून पापुद्रे निघतात का, जोडावरच्या पिनांना गंज आहे का, हवेची भोकं नीट कापली आहेत की अर्धवट लोंबतायत. त्यांचे फोटो काढा, पण फोटोत बंडलावरची चिठ्ठी आणि चलनाचा नंबर दिसला पाहिजे. नुसत्या फाटक्या खोक्याचा फोटो कोणत्याही वर्षाचा असू शकतो.

तक्रार जूनपर्यंत साठवून ठेवली तर चालेल का?

नाही. इथे कायदाही मध्ये येतो, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

बहुतेक खोकेवाले सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतात. त्यांच्यासाठी २००६ चा एमएसएमई विकास कायदा आहे. लेखी करार असेल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ धरून व्याज लागू होतं. आता प्रश्न येतो की माल "स्वीकारला" कधी? माल आल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, तर तो आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. हरकत घेतली असेल तर ती दूर झाल्याचा दिवस धरतात.

म्हणजे पाचव्या गाडीच्या हलक्या खोक्यांची तक्रार १५ एप्रिलपासून १५ दिवसांच्या आत, ३० एप्रिलपर्यंत लेखी जायला हवी होती. जूनच्या बैठकीत ती पहिल्यांदा काढली तर पैशांचं घड्याळ कधीच सुरू झालेलं असेल. व्हॉट्सअॅपवर फोटो टाका, हरकत नाही, पण त्यामागोमाग दोन ओळींचा ई-मेल जाऊ द्या: चलन क्रमांक, तारीख, किती खोकी तपासली, काय आढळलं, पुढे काय हवं.

गाडीगाडीची तक्रार आणि हंगामाचा अभिप्राय ही दोन वेगळी कामं आहेत. तक्रार तातडीची, एका गाडीपुरती. अभिप्राय म्हणजे त्या सगळ्या एकत्र मांडून त्यात काय पुन्हा पुन्हा घडतंय ते दाखवणं. तक्रारींच्या नोंदी नसतील तर अभिप्रायात मांडायला काहीच उरत नाही.

"त्याला राग आला तर? एप्रिलमध्ये माल अडवला तर?"

ही भीती खरी आहे. वर्षाला बारा हजार खोकी घेणारा माणूस मोठ्या कारखान्याच्या लेखी छोटं गिऱ्हाईक असतो, आणि एप्रिलमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातली सगळीच गिऱ्हाइकं त्याच्या दारात उभी असतात. म्हणून दंडाची भाषा मला स्वतःला छोट्या गिऱ्हाइकाच्या तोंडी शोभणारी वाटत नाही. ऑर्डरमध्ये "उशिराबद्दल दिवसाला एक टक्का कपात" लिहून टाकता येतं, पण ती वसूल केलीत तर पुढच्या एप्रिलमध्ये तुमची गाडी रांगेत सर्वांत मागे. बरेच जण कपात लिहितात आणि कधीच लावत नाहीत. मग ती लिहिली कशाला?

राग येतो तो सरसकट दोषारोपाचा. हिशेबात आपल्या चुका आपणच आधी लिहिल्या की बोलण्याचा सूर बदलतो. आपल्या उदाहरणातलं पत्र साधारण असं जाईल:

> सप्रेम नमस्कार.
>
> यंदाच्या हंगामात आपल्याकडून आठ गाड्यांतून १२,००० खोकी मिळाली. त्यांपैकी सहा गाड्या बोलल्याप्रमाणे वेळेवर आणि पूर्ण आल्या. तिसऱ्या गाडीला आमच्याकडून छपाईची मंजुरी चार दिवस उशिरा गेली आणि सहावीची ऑर्डर आम्ही फक्त सहा दिवस आधी दिली, त्यामुळे त्या दोन्ही आम्ही उशिरात धरलेल्या नाहीत.
>
> दोन गाड्यांची अडचण झाली. २ एप्रिलला ४०० खोकी कमी आली, आणि १० एप्रिलचा माल १५ ला पोचला. दुसऱ्या वेळी आम्हाला बाहेरून ९०० खोकी घ्यावी लागली, ८१०० रुपये जास्तीचे गेले. १५ एप्रिलच्या मालातील दहा खोकी मंजूर नमुन्यापेक्षा ३०० ग्रॅम हलकी भरली. वजनाचा कागद सोबत आहे.
>
> पुढील हंगामासाठी दोन गोष्टींवर आपलं मत हवं आहे: १ ते २० एप्रिल या काळात आमच्या गाड्यांसाठी ठरावीक दिवस राखून ठेवता येतील का, आणि प्रत्येक गाडीसोबत दहा खोक्यांच्या वजनाची चिठ्ठी येऊ शकेल का?
>
> यावर, आणि आमच्याकडून आपल्याला काय अडचण होते यावर बोलण्यासाठी दर तीन महिन्यांनी तासभर बसावं असं सुचवतो. पहिली बैठक जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आपल्या सोयीच्या दिवशी. आपल्याकडून गाड्या लावणारी व्यक्ती सोबत असावी ही विनंती.

यात तो चिडेल असं काही नाही, आणि त्याला टाळता येईल असंही फारसं नाही. शेवटचं वाक्य मात्र विसरू नका. बैठकीला नुसता विक्रीचा माणूस आला तर तो सगळ्याला हो म्हणून जातो. ट्रक कधी निघतो हे त्याच्या हातात नसतं. आपल्याकडूनही मालकाबरोबर गोदाम सांभाळणारा माणूस हवाच. वजन त्यानेच केलेलं असतं.

"तो उलट विचारेल, पैसे कधी देता?"

विचारू द्या. आपणहून सांगितलेलं तर अधिक बरं. आठ बिलांपैकी किती ठरलेल्या दिवशी दिली, हा आकडा त्याच पानावर लिहावा. पॅकहाऊसचे पैसे वाशीच्या आडत्याकडे अडकतात आणि खोकेवाल्याचे पॅकहाऊसकडे, ही साखळी सगळ्यांना ठाऊक आहे. पण खोकेवाला कागदाच्या गिरणीला बहुधा रोख किंवा थोड्या मुदतीत पैसे देतो. मार्चची बिलं मेपर्यंत लटकली, तर एप्रिलमध्ये त्याचे रोल का कमी पडले याचं एक उत्तर आपल्याच वहीत सापडेल. चौथ्या गाडीचं कारण तेच होतं का, हे विचारायची जागा बैठक हीच.

दर तीन महिन्यांनी कशाला? हंगाम तर तीनच महिन्यांचा

म्हणूनच चारही बैठका सारख्या करायच्या नाहीत. प्रत्येकीचं काम वेगळं.

जूनमधली बैठक हिशेबाची. वरचं पत्र, आठ गाड्यांचा तक्ता आणि पैशांचा आकडा समोर ठेवायचा. पाऊस लागलेला असतो, त्यालाही घाई नसते. घाटात दरड आली असेल तर फोनवर किंवा व्हिडिओवर बसावं, पण पुढे ढकलू नये. ऑगस्ट आला की दोघांनाही एप्रिल आठवत नाही.

सप्टेंबरमधली, गणपती झाले की, नमुन्याची. ही त्याच्या कारखान्यात घ्यावी. कागद कोणता वापरतो, रोल कुठे ठेवतो, आपल्या छपाईच्या प्लेट कोणत्या अवस्थेत आहेत, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढच्या फोनवरचं बोलणं नीट कळतं. नव्या नमुन्याची दहा खोकी वजन करून दोघांच्या सह्यांनी तिथेच बांधावीत: एक जुडी त्याच्याकडे, एक आपल्याकडे. मजकूर बदलायचा असेल तर आत्ताच सांगायचा, मार्चमध्ये नव्हे.

डिसेंबरची बैठक अंदाजाची, आणि माझ्या मते चारांतली सर्वांत मोलाची हीच. मोहोर किती आला, कोणत्या टप्प्यात आला, हे तोवर दिसू लागतं. त्यावरून खोक्यांचा महिनावार अंदाज द्यायचा: मार्चमध्ये साधारण एवढी, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एवढी. अंदाज चुकणारच. जानेवारीत थंडी लांबली, पुन्हा मोहोर फुटला, फळगळ झाली, तर आकडे बदलतात. म्हणून अंदाज आणि ऑर्डर वेगळी ठेवायची. अंदाज त्याने कागदाचे रोल भरून ठेवण्यासाठी. ऑर्डर छापायला घेण्यासाठी. अंदाजापेक्षा खूप कमी खोकी उचलली तर त्याच्याकडे उरलेल्या कागदाचं काय, हेही डिसेंबरातच बोलून घ्यावं. साधा कागद असेल तर तो इतर गिऱ्हाइकांना वापरतो. आपल्या नावाने छापून ठेवलेली खोकी असतील तर ती आपल्यालाच घ्यावी लागतील.

मार्चअखेरची बैठक म्हणजे वीस मिनिटांचा फोन. पहिल्या दोन-तीन गाड्यांचं काय झालं, एप्रिलचे राखीव दिवस पक्के आहेत का, आणि २५ मार्चच्या आत एक हजार जादा खोकी आपल्याकडे येऊन पडली आहेत का, एवढंच. हा जादा साठा म्हणजे पाचव्या गाडीसारखे पाच दिवस निघून जाण्याची सोय. तो हजारापेक्षा वाढवू नये, कारण आपल्या हवेत जादा साठा म्हणजे मऊ खोकी.

प्रत्येक पुरवठादाराशी हे करायचं का?

मुळीच नाही. गवत-पेंढा आणून देणारा गाववाला, सुतळीचा दुकानदार, टेम्पोवाला यांच्याशी तक्ते घेऊन बसलात तर ते हसतील आणि त्यांचं हसणं बरोबर असेल. तिथे दारातलं बोलणं पुरतं. ज्याचा माल एक दिवस आला नाही तर काम थांबतं आणि ज्याला पर्याय उभा करायला महिने लागतात, त्याच्याशीच बैठक. आंब्याच्या पॅकहाऊसमध्ये तो बहुधा खोकेवालाच. काजूच्या कारखान्यात पाकिटांची छापील प्लॅस्टिक पुरवणारा, कोकम-आगळवाल्याकडे बाटल्या आणि झाकणं पुरवणारा.

बैठका घेऊनही सुधारणा झाली नाही तर?

बैठकीत ठरलेल्या गोष्टी दोन-तीनच असाव्यात, प्रत्येकीसमोर एका माणसाचं नाव आणि तारीख. पुढच्या बैठकीची सुरुवात त्यांनीच करायची: झालं की नाही झालं. सप्टेंबरमध्ये वजनाच्या चिठ्ठीचं कबूल करून डिसेंबरपर्यंत तिचा नमुनाही आला नाही, एप्रिलचे दिवस राखण्याबद्दल तो "बघू" वरच अडला, तर त्याचं उत्तर मिळालेलं आहे असं समजावं.

तरी त्याला तोडायची घाई नको, आणि एप्रिलमध्ये तर नकोच. नवा कारखानदार धरायचा म्हटलं तर नव्या प्लेट, नवा नमुना, त्याचं वजन, एखादी चाचणी गाडी, यातच महिना-दीड महिना जातो. म्हणून डिसेंबरच्या बैठकीनंतर लगेच दुसऱ्याकडे एकूण गरजेच्या पाव हिश्श्याची ऑर्डर द्यावी, आणि ती मार्चच्या पहिल्या आठवड्यातली असावी. तेव्हा खोकी चुकली तरी आंबा अजून झाडावर असतो. पहिल्याला हे लपवू नये. जूनच्या पत्राइतक्याच सरळपणे कळवावं की यंदा तीन हजार खोकी दुसरीकडून घेतोय, उरलेली नऊ हजार तुमच्याकडूनच, आणि एप्रिलच्या राखीव दिवसांचं उत्तर १५ जानेवारीपर्यंत हवं आहे.